स्कॅन फुकट, मग पैसे कापले कुठे?

आज मी पार्लरच्या गल्ल्याबद्दल बोलणार आहे. आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलंय. आरसा आला, खुर्ची आली, भिंतीवर नवरीचा फोटो आला आणि त्याच्या बाजूला तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद, क्यूआर कोड, तोही आला. हा कागद कोणी लावून दिला, त्यातले पैसे कुठे जातात आणि त्याचे किती पैसे कापले जातात, हे मात्र विचारलं की बऱ्याच जणी गप्प होतात. म्हणून आज एकाच पार्लरचा हिशेब तुमच्यापुढे मांडते. पार्लर दारव्हा तालुक्यातल्या एका गावचं आहे. ताईंचं नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच सांगतेय.

सुरुवात झाली हप्त्यापासून. गटाच्या बैठकीत या ताईंचा हप्ता लागोपाठ दोनदा चुकला. लग्नसराईचे दिवस, पार्लरपुढे चपलांचा ढीग मी स्वतः पाहिलेला, आणि हप्ता नाही. सगळ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "ताई, पार्लरात बाया तं लय येते, पण पैसा मले दिसतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवरचा कोड माझ्या मोबाईलवर स्कॅन केला आणि एक रुपया पाठवायला गेले. पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर घेणाऱ्याचं नाव येतं. नाव आलं ताईंच्या मालकांचं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा गावात फिरून कोड लावून देत होता. ताईंचा नंबर बँकेत जोडलेला नव्हता, म्हणून मालकांच्या नंबरवर, मालकांच्या खात्याचा कोड निघाला. त्यांनी काही लबाडी केली असं नाही. पैसे खात्यात यायचे, त्यातून कृषी केंद्राची उधारी फिटायची, लेकराची फी जायची. घरातच गेले पैसे. पण पार्लरने महिन्याला किती कमावले हे ताईंना माहीत नव्हतं, आणि मालकांनाही नव्हतं, कारण त्याच खात्यात कापसाचे पैसे येत होते.

म्हणून तायांनो, रोख बरी की स्कॅन बरं की कार्ड, हे पुढे बघू. त्याआधी आज घरी गेल्यावर एवढं करा. दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरून आपला कोड स्कॅन करा, एक रुपया पाठवा आणि नाव वाचा.

नाव दुसऱ्याचं निघालं तर ते बदलायला काय लागतं ते सांगते. खातं तर आपल्या बहुतेकींचं आहे, जनधनचं असो की साधं बचत खातं. अडतं ते मोबाईल नंबरपाशी. बँकेत जो नंबर नोंदवलेला आहे, त्याच नंबरचं सिम तुमच्या मोबाईलमध्ये असेल तरच तुमच्या खात्यावर यूपीआय सुरू होतं. या ताईंच्या खात्याला दिराचा नंबर होता, तोही बंद पडलेला. शाखेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज दिला, आधार कार्डाची झेरॉक्स जोडली. नंबर लागायला काही दिवस गेले. मग स्वतःच्या मोबाईलवर ॲप घेतलं आणि रुपे डेबिट कार्ड वापरून यूपीआयचा पिन तयार केला. कार्ड हरवलं असेल तर बऱ्याच बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवरूनही पिन तयार होतो. हा पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, तुमचा पिन टाका" असं कोणी म्हटलं तर तो पैसे काढायला बसलाय, एवढं ओळखा.

मालक नाराज झाले का? थोडे झाले. ताईंनी त्यांना सांगितलं, खर्च दोघं मिळूनच करू, पण आधी माझ्या खात्यात मोजू तरी द्या. त्यावर त्यांना काही बोलता आलं नाही.

आता शुल्काकडे येते. यात सगळ्यात मोठा गोंधळ आहे, तेव्हा जरा हळू जाते.

कार्ड घासून पैसे घेतले की दुकानदाराला येणाऱ्या रकमेतून बँक थोडा हिस्सा कापून घेते. इंग्रजीत त्याला एमडीआर म्हणतात, आपण कापणी म्हणू. ही कापणी ग्राहकाच्या नव्हे, दुकानदाराच्या पैशातून होते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात धसई नावाचं गाव आहे. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून ते गाजलं होतं. तिथल्या लहान दुकानांतही कार्डाची मशीन दिली होती. त्या वेळी डिजिटल म्हटलं की मशीन हेच डोळ्यांपुढे यायचं, आणि मशीन म्हटलं की कापणी आलीच. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालं होतं, पण गावागावांत पोहोचलं नव्हतं.

पुढे १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवरची कापणी शून्य केली. म्हणजे ग्राहक तिच्या बँक खात्यातून तुमच्या कोडवर चाळीस रुपये पाठवते तेव्हा तुमच्या खात्यात पूर्ण चाळीस रुपये आले पाहिजेत. एक पैसाही कमी नाही. तेव्हा "स्कॅन केलं तर दोन रुपये जास्त लागतील" असं आपणही ग्राहकाला म्हणू नये, कारण आपले दोन रुपये जातच नाहीत.

मग कंपन्या गावोगाव माणसं पाठवून फुकट कोड का वाटतात? त्यांचं पोट कशावर भरतं? थोडे पैसे सरकार देतं. लहान दुकानदाराकडच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर शंभराला पंधरा पैसे, असं २०२४-२५ या वर्षासाठी केंद्राने ठरवलं होतं. पण ते बँका-कंपन्यांना जातात, दुकानदाराला नाही, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत नाही. म्हणून त्या कोडच्या आजूबाजूच्या वस्तू विकतात. बोलणारा डबा भाड्याने देतात, मशीन भाड्याने देतात आणि तुमची रोजची आवक पाहून कर्ज देतात. कागद फुकट असतो. डब्याला मात्र भाडं असतं.

आमच्या ताईंकडेही असा डबा होता. "अमुक रुपये प्राप्त झाले" असं बोलणारा. देताना मुलगा म्हणाला होता, एक रुपया लागेल. तो एक रुपया सुरुवातीचा होता. पुढे महिन्याला एकशे पंचवीस रुपये कापले जात होते आणि दोन वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

कापणी सापडली कशी, ते ऐका, कारण तुम्हालाही तसंच शोधता येईल. दुकानदाराचा जो कोड असतो त्यातले पैसे बहुतेक वेळा लगेच खात्यात जात नाहीत. दिवसभराचे पैसे कंपनी एकत्र करते आणि दुसऱ्या दिवशी एकरकमी खात्यात टाकते. आम्ही आठ दिवस वहीत रोजचं स्कॅन लिहिलं आणि पासबुक भरून आणलं. सात दिवस आकडे जुळले. एका दिवशी वहीत सहाशे चाळीस आणि पासबुकात पाचशे पंधरा. एकशे पंचवीसचा फरक. ॲपमध्ये त्या दिवसाचा तपशील उघडला तर तिथे डब्याचं भाडं म्हणून लिहिलेलंच होतं. लपवलेलं नव्हतं, पण इंग्रजीत होतं आणि तीन ठिकाणी बोट लावल्यावर दिसत होतं. काही कंपन्या असं येणाऱ्या रकमेतून कापतात. काही जण ऑटोपे करून घेतात, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी. ती परवानगी तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाखाली दिसते आणि तिथूनच बंदही करता येते.

आता एका महिन्याचा हिशेब करू. लग्नसराईतला महिना आहे. चाळीस रुपयांचं थ्रेडिंग एकशे चाळीस जणींचं, झाले पाच हजार सहाशे. केस कापायला वीस जणी आल्या, शंभर रुपयांप्रमाणे दोन हजार. चारशेचं फेशियल बारा जणींचं, चार हजार आठशे. दोन नवऱ्या, साडेतीन हजारांप्रमाणे सात हजार. एकूण एकोणीस हजार चारशे. त्यातले अकरा हजार स्कॅनवर आले आणि आठ हजार चारशे रोख.

अकरा हजारांवर यूपीआयची कापणी शून्य. डब्याचं भाडं एकशे पंचवीस. म्हणजे फुकटच्या स्कॅनमध्ये शंभर रुपयांमागे एक रुपया चौदा पैसे गेले. फार नाही. पण आता आषाढातला महिना घ्या. लग्नं नाहीत, शेतात निंदण-डवरण, बायकांना सवड नाही. त्या महिन्यात स्कॅनवर आले फक्त तीन हजार. भाडं तेवढंच, एकशे पंचवीस. आता शंभरामागे चार रुपयांहून जास्त गेले. टक्क्याने होणारी कापणी धंदा कमी झाला की कमी होते. भाडं मात्र कमी होत नाही. आपलं पार्लर सहा महिने चालतं आणि सहा महिने झोपतं, म्हणून आपल्याला टक्क्यापेक्षा भाड्याची भीती जास्त असायला हवी. वर्षाचे झाले दीड हजार. साडेसदतीस जणींच्या भुवया, आणि त्याही फुकट.

मग डबा परत करायचा का? मी आधी सरळ म्हणाले, करा. ताई म्हणाल्या, थांबा. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात असतं, दोन्ही हात गुंतलेले, डोळे भुवईवर. तेवढ्यात मागची बाई मोबाईल दाखवते, "हे बघा, पाठवले", आणि निघते. आपण मान हलवतो. त्या फोटोतले पैसे खरंच आले की नाही हे कोण बघणार? खोटा फोटो दाखवणं सोपं आहे, जुना फोटो दाखवणं त्याहून सोपं. ताईंचं एकदा चारशेचं फेशियल असंच गेलं होतं. ते चारशे म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त. तेव्हा डब्याचा उपयोग खरा आहे, हे मला मान्य करावं लागलं.

मग आम्ही मधला रस्ता काढला. दुकानदारांच्या बऱ्याच ॲपमध्ये पैसे आल्यावर मोबाईलच बोलतो, अशी सोय असते. ती सेटिंगमधून सुरू करावी लागते. ताईंनी आपला मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवून आरशाच्या फळीवर ठेवला. घरात बोलणारा मोबाईल आहे तर बोलणारा डबा कशाला? हां, मोबाईल लेकराच्या हातात गेला की आवाज बंद. ज्यांच्याकडे दिवसभर मोबाईल दुकानात राहू शकत नाही, त्यांनी डबा ठेवावा. पण आधी आपल्या बँकेत विचारा. बँकाही कोड आणि डबा देतात, आणि भाडं सगळीकडे सारखं नसतं. पहिल्या महिन्याचं भाडं किती ते विचारू नका. चौथ्या महिन्याचं विचारा, आणि कागदावर लिहून घ्या.

आता कार्डाचं मशीन. लग्नसराईत एक जण मशीन द्यायला आला. भाडं चारशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी बहात्तर, महिन्याला चारशे बहात्तर. वर ग्राहकाने कार्ड घासलं की कापणी वेगळी. म्हणाला, "आता नवरीच्या घरचे कार्डच देतात, मशीन नसेल तर गिऱ्हाईक जाईल." आमच्या ताई जवळजवळ सही करणार होत्या.

कार्ड कार्डात फरक आहे. रुपेचं डेबिट कार्ड असेल तर कापणी शून्य, ते मघाशी सांगितलं. दुसऱ्या कंपनीचं डेबिट कार्ड असेल तर वर्षाला वीस लाखांपर्यंत धंदा करणाऱ्या लहान दुकानदाराकडून शंभराला चाळीस पैशांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने हे जानेवारी २०१८ पासून ठरवून दिलंय. म्हणजे साडेतीन हजारांच्या मेकअपवर जास्तीत जास्त चौदा रुपये. आणि हे चौदा रुपये ग्राहकाकडून वेगळे घ्यायचे नाहीत, हाही नियम आहे. क्रेडिट कार्ड हे उधारीचं कार्ड, त्याला अशी वरची मर्यादा नाही. त्या माणसाने दोन टक्के सांगितले होते, म्हणजे साडेतीन हजारांवर सत्तर रुपये.

आता बघा, चौदा रुपये किंवा सत्तर रुपये ही काही घाबरण्याची रक्कम नाही. घाबरायचं ते चारशे बहात्तरला, कारण ते एकही कार्ड न घासता जातात. मी ताईंना विचारलं, गेल्या वर्षात कार्ड घेता का असं किती जणींनी विचारलं? त्या म्हणाल्या, दोघींनी. मग त्या गेल्या का? नाही, एकीने स्कॅन केलं आणि दुसरीच्या भावाने केलं. म्हणजे मशीन नव्हतं म्हणून एकही गिऱ्हाईक गेलं नव्हतं. मशीनचे वर्षाचे होतात पाच हजार सहाशे चौसष्ट. नवरीच्या साडेतीन हजारांतून क्रीम-पावडर, पिना, मदतीला येणाऱ्या मुलीची मजुरी असे दीड हजार वजा केले तर ताईंच्या हातात दोन हजार राहतात. म्हणजे मशीनमुळे वर्षाला तीन नवऱ्या जास्तीच्या याव्यात, ज्या एरवी आल्याच नसत्या, तेव्हा कुठे मशीनचं भाडं निघेल. यवतमाळ शहरात मोठ्या रस्त्यावर पार्लर असेल, नोकरदार बायका येत असतील, तर हा हिशेब वेगळा निघू शकतो. तिथे मशीन परवडेलही. आपल्या गावात नाही परवडत.

स्कॅनच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. आता काही जण रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडतात आणि स्कॅन करूनच उधारीच्या कार्डाचे पैसे देतात. लहान दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंत त्याची कापणी नाही. त्यावर होते. म्हणून साडेतीन हजारांच्या मेकअपला थोडे कमी आले, तर आधी हे तपासा आणि मगच कंपनीशी भांडा. ज्यांचा कोड साध्या, स्वतःच्या बचत खात्याचा आहे, दुकानदाराचा नाही, त्यांना असं क्रेडिट कार्ड येतच नाही. नुसतं थ्रेडिंग आणि कटिंग करणाऱ्या ताईला साधा कोड पुरतो. पैसे लगेच खात्यात येतात आणि भाडं द्यावं लागत नाही. धंदा वाढला, रोजचे व्यवहार खूप झाले की मग बँकेत जाऊन दुकानदाराचा कोड घ्यावा. तेव्हा बँक उद्यम नोंदणी मागू शकते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पाचशे रुपये घेणारे आपल्याकडे फिरतात, त्यांना देऊ नका.

रोखीबद्दल बोलले नाही तर तुम्ही म्हणाल, ताईने स्कॅनचाच गजर लावला. रोखही फुकट नाही. या ताई महिन्यातून दोनदा बँकेत पैसे भरायला तालुक्याला जायच्या. ऑटोचे जाऊन-येऊन साठ रुपये, दोनदाचे एकशे वीस. वर अर्धा-अर्धा दिवस पार्लर बंद. बघा, डब्याच्या भाड्याएवढेच पैसे ऑटोत गेले, फक्त ते कोणी कापले असं वाटलं नाही. त्यात सुट्ट्यांची कटकट. चाळीस रुपयांसाठी पाचशेची नोट आली की "नंतर देते" म्हणून उधारी होते, आणि चाळीसची उधारी मागायला कोण जातं?

तरीही मी रोख बंद करा म्हणणार नाही, आणि त्याचं कारण फक्त नेटवर्क नाही. आपल्याकडे दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी असते. बाया किलोवर वेचतात आणि बाजाराच्या दिवशी रोख मजुरी हातात येते. तेवढेच पैसे त्यांचे स्वतःचे असतात. त्यातून चाळीस रुपये देऊन एखादी भुवया करून जाते. तिच्याकडे मोबाईल नसेल, किंवा असेल तो घरातल्या पुरुषाच्या नंबरवर. स्कॅन केलं की मेसेज कोणाकडे जाणार? "चाळीस रुपये कुठे गेले" हा प्रश्न तिला संध्याकाळी कोणी विचारणार. रोख पैशाला मेसेज नसतो. "आम्ही फक्त स्कॅन घेतो" अशी पाटी शहरातल्या दुकानात पाहून आपल्या एका गटातल्या मुलीने लावली होती. आठ दिवसांत वेचणीच्या बाया यायच्या बंद झाल्या. पाटी काढली.

ताईंनी आता असं केलंय. फेशियल, नवरी आणि आगाऊ रक्कम शक्यतो स्कॅनवर. थ्रेडिंग ज्याला जसं जमेल तसं. रोजची रोख एका डब्यात, आणि त्यातूनच दोरा, क्रीम, भाजी असा खर्च, म्हणजे बँकेत पैसे भरायला जावंच लागत नाही. डब्यातून काढलेलं वहीत लिहायचं. या वहीत रोज तीनच आकडे असतात, रोख किती, स्कॅन किती, डब्यातून काढले किती.

टॅक्सचं मला बऱ्याच जणी विचारतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात लहान दुकानदारांना त्यांच्या यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ती बातमी इथेही पोहोचली आणि काही जणींनी घाबरून कोड काढून ठेवला. सेवा देणाऱ्याला, म्हणजे पार्लरला, वर्षाची एकूण विक्री वीस लाखांवर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. आमच्या ताईंचा लग्नसराईतला महिना एकोणीस हजार चारशेचा. बाराही महिने तसेच गेले तरी दोन लाख बत्तीस हजार आठशे होतात. वीस लाख फार लांब आहेत. आणि वीस लाख मोजताना रोखही धरतात, त्यामुळे कोड काढून ठेवल्याने काही वाचत नाही.

बिघाड होतो तेव्हाचं सांगते. ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि तुमच्याकडे आलेच नाहीत, असं नेटवर्कमुळे होतं. तिला पुन्हा पैसे द्यायला लावू नका, आणि सोडूनही देऊ नका. तिच्या मोबाईलवर त्या व्यवहाराचा नंबर असतो, तो वहीत लिहा, तिचा फोन नंबर लिहा. दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांच्या आत ते ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. पैसे तिच्याकडे परत आले की ती तुम्हाला देईल. गावातलीच बाई आहे.

बँकेने चुकीचं काही कापलं तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन नंबर १४४४८. आणि कोणी फसवून पैसे काढले तर बैठकीची वाट पाहू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात.

भिंतीवरच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवून जाणारेही असतात. आमच्या ताई सकाळी झाडलोट झाली की कोडच्या कडेवरून नख फिरवून बघतात, वर काही चिकटवलंय का.

डबा परत करायलाही ताईंना तीनदा फोन करावा लागला. घ्यायला येणारा मुलगा म्हणाला, "राहू द्या ना, पुढचा महिना फुकट करतो." ताईंनी डबा दिला, परत घेतल्याची पावती मागितली, तो दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला तर डबा परत ओढून घेतला. पावती आली तेव्हाच डबा गेला. मग ऑटोपे उघडून पाहिलं, तिथे काही शिल्लक नव्हतं. पुढच्या महिन्याचं पासबुक त्या बैठकीत घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "पहा बरं ताई, कुठी कापलं का?" आम्ही दोघींनी वही आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक दिवस पाहिला. सगळे आकडे जुळले. राहिलेले दोन हप्ते त्यांनी त्याच दिवशी भरले.